तीन पातळ्या, एकच गणित

आठवीच्या वर्गात एकचल समीकरणे सुरू झाली, की आठवडाभरात वर्गाचे तीन भाग पडलेले दिसतात. काही मुलांना x पाहूनच धास्ती वाटते. काही जण पायऱ्या पाठ करून उत्तर काढतात. काहींचे गणित फळ्यावर लिहून होण्याआधीच सुटलेले असते. या सगळ्यांना एकच वर्कशीट दिली, तर ती मधल्या मुलांपुरतीच उपयोगी पडते. म्हणून तीन पातळ्यांची वर्कशीट करायची, पण ती करताना बहुतेकदा एक चूक होते. सोप्या पातळीला लहान संख्या, अवघड पातळीला अपूर्णांक आणि दुप्पट गणिते दिली जातात. त्यामुळे आकडेमोड वाढते, विचार मात्र तिथेच राहतो.

पातळी आकड्यांवर ठरवू नये. मुलाला स्वतःहून किती विचार करावा लागतो आणि आधार किती मिळतो, यावर ती ठरवावी. त्यासाठी तिन्ही पातळ्यांना एकच प्रसंग घेणे सोयीचे जाते. समजा, सायकल भाड्याने देणारी दोन दुकाने आहेत. पहिले दुकान सुरुवातीचे २० रुपये आणि तासाला १५ रुपये घेते. दुसरे सुरुवातीलाच ४५ रुपये घेते, पण तासाला १०च.

पहिल्या पातळीवर फक्त पहिले दुकान. आधी एक, दोन, तीन तासांचे भाडे तक्त्यात भरायचे, म्हणजे १५x + २० ही मांडणी कुठून आली ते दिसते. मग ९५ रुपये झाले तर सायकल किती तास वापरली? १५x + २० = ९५ हे समीकरण छापून द्यावे आणि ‘दोन्ही बाजूंतून ___ वजा करू’ अशी रिकामी जागा ठेवावी. उत्तर ५ तास.

दुसऱ्या पातळीवर दोन्ही दुकाने आणि प्रश्न असा: किती तासांना दोघांचे भाडे सारखे होईल? १५x + २० = १०x + ४५ हे समीकरण मुलांनी मांडायचे. x दोन्ही बाजूंना आल्यामुळे इथे खरा विचार करावा लागतो. ५x = २५, म्हणजे पुन्हा ५ तास, आणि भाडे ९५ रुपयेच.

तिसऱ्या पातळीवर समीकरण मांडा असेही सांगायचे नाही. कोणते दुकान केव्हा स्वस्त, एवढेच विचारायचे. पाच तासांच्या आत पहिले, त्यानंतर दुसरे, हे मुलांनी शोधून कारणासह लिहायचे. पुढे आणखी एक प्रश्न: ज्याचे भाडे पहिल्या दुकानाएवढे कधीच होणार नाही, असे तिसरे दुकान तयार करा. तासाचा दर १५च ठेवून सुरुवातीची रक्कम बदलली, की १५x + २० = १५x + ३० असे समीकरण मिळते, आणि त्याला उकलच नाही.

तिन्ही पातळ्या ५ तास आणि ९५ रुपयांपाशी भेटतात, ते मुद्दाम. त्यामुळे तासाच्या शेवटी सगळ्या वर्गाला एकत्र बोलता येते. पहिल्या पातळीचा मुलगा फळ्यावर ९५ पडताळून दाखवतो आणि तीच संख्या दुसऱ्या गटाच्या कामी येते.

कोणाला कोणती वर्कशीट द्यायची, हे मागच्या परीक्षेच्या गुणांवरून ठरवू नये. आदल्या दिवशी तीन प्रश्न द्यावेत: ८ + ४ = □ + ५, २x + ३ = ११ आणि ५x + २ = ३x + १०. पहिल्या चौकटीत १२ लिहिणाऱ्या मुलाला ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असे वाटते; दोन्ही बाजू समान आहेत हे त्याला अजून उमगलेले नाही. पहिले किंवा दुसरे चुकले तर पहिली पातळी, फक्त तिसरे अडले तर दुसरी, तिन्ही जमले तर तिसरी.

तरीही अंदाज चुकतो. एखादी मुलगी १५x = ७५ वरून x = ६० लिहिते. तिने ७५ मधून १५ वजा केले, म्हणजे १५x हा गुणाकार तिला बेरीज वाटतो. तिला आणखी गणिते देऊन उपयोग नाही; ६० तासांचे भाडे काढायला सांगावे. ९२० रुपये आले, की चूक तिची तिलाच दिसते. म्हणून प्रत्येक वर्कशीटवर पडताळ्याची ओळ हवीच. उलट, कोणी न अडखळता पाच मिनिटांत सगळे संपवले, तर त्याला वरची पातळी लगेच द्यावी. त्यासाठी प्रत्येक वर्कशीटचा शेवटचा प्रश्न पुढच्या वर्कशीटचा पहिला ठेवावा.

वर्कशीटवर ‘सोपी’, ‘अवघड’ असे छापू नये, आणि गट वर्षभरासाठी कायम करू नयेत. समीकरणात मागे पडलेला मुलगा भूमितीत पुढे असू शकतो. प्रत्येक प्रकरणाला ते तीन प्रश्न नव्याने काढा आणि गटही नव्याने पाडा.