ओळखी मोजक्या, पोस्ट नेमकी

सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची पाकिटे भरून विकणारे अनेक छोटे उद्योजक आहेत. सोनेरी रंग टिकावा म्हणून काही बेदाण्याला गंधकाची धुरी दिली जाते आणि तिचा अंश सल्फाइटच्या रूपात मालात राहतो. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल, तर पाकिटावर तसे छापणे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे.

समजा, अन्नप्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता विभागातली नोकरी सोडून एक बाई याच कामात स्वतंत्र सल्लागार झाल्या आहेत. लिंक्डइनवर त्यांची साडेतीनशे कनेक्शन्स आहेत. त्यांत कॉलेजचे मित्र, जुने सहकारी आणि दोन-चार पुरवठादार असतील. पण लेबल तपासून घ्यायची गरज असलेला उद्योजक जवळजवळ नाहीच. अशा स्थितीत पोस्ट लिहून घरबसल्या चौकशीचे फोन येऊ शकतात का? येऊ शकतात, मात्र त्यासाठी हजारो लोकांपर्यंत पोहोचण्याचा हट्ट सोडावा लागतो.

लहान ओळखीची ताकद तिच्या कडेला असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले, की नोकरीची नवी माहिती जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. जिवलगांचे वर्तुळ आपलेच असते. जुजबी ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवर पाच वर्षे चाललेला प्रयोग 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला, आणि मध्यम जुजबी ओळखीच नोकरी बदलताना सर्वाधिक कामी येतात असे त्यात आढळले. हा अभ्यास नोकऱ्यांचा होता, सल्लागारांच्या कामाचा नव्हे. पण वाट तीच आहे. सल्लागार बाईंच्या पोस्टवर एखाद्या मसाला कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याने दोन ओळींची कमेंट केली, तर ती पोस्ट त्याच्या ओळखीच्या उत्पादकांच्या फीडमध्येही दिसू शकते.

म्हणून पहिले काम पोस्टचे नसून प्रोफाइलचे. नावाखालच्या हेडलाइनला 220 अक्षरांची मर्यादा आहे, पण कमेंटशेजारी तिचे पहिले काही शब्दच दिसतात. तिथे ‘फूड सेफ्टी कन्सल्टंट आणि ट्रेनर’ लिहिले, तर कोणालाच आपली अडचण आठवत नाही. ‘बेदाणा, मसाले, लोणची : लेबल आणि परवान्याची तपासणी’ असे लिहिले, की वाचणारा लगेच ठरवतो, हे आपल्या कामाचे आहे की नाही. त्यानंतर आठवड्याला पंधरा-वीस नेमक्या लोकांना कनेक्शनची विनंती पाठवावी : छोटे उत्पादक, पॅकेजिंगवाले, प्रयोगशाळा चालवणारे, लेबल छापणारे. शेवटचे दोघे स्वतः ग्राहक नसतील, पण ग्राहक आधी त्यांच्याच दारात जातो.

आता पोस्ट. आठवड्यात दोन पुरतात. पोस्टची मर्यादा 3,000 अक्षरांची असली, तरी फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचे उघडायला वाचकाला बोट लावावे लागते. ‘आज मी अन्नसुरक्षेच्या एका महत्त्वाच्या पैलूबद्दल सांगणार आहे’ ही सुरुवात त्या ओळी वाया घालवते. त्याऐवजी बाई लिहितील : ‘तुमचा बेदाणा सोनेरी आहे का? मग पाकिटावर सल्फाइटचा उल्लेख आहे का, ते आज पाहा.’ पुढे नियम एका वाक्यात येईल, प्रयोगशाळेतून कोणती चाचणी करून घ्यायची हे येईल, उल्लेख लेबलवर कुठे हवा हे येईल. चार हजार पाकिटे छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करता येते, हेही येईल. शेवटी एक प्रश्न असावा : ‘तुमच्या लेबलचा मसुदा छपाईआधी कोण तपासतो?’ सर्व उत्तरे फुकट दिल्याने काम जाईल, ही भीती अनेकांना असते. नियम कळला तरी स्वतःच्या बारा उत्पादनांची लेबले तपासायला उत्पादकाकडे वेळ नसतो. तो पैसे त्या कामाचे देतो.

अशा पंधरा-वीस प्रश्नांची यादी जुन्या कामातूनच निघते : ग्राहकांनी फोनवर काय विचारले, तपासणीत कुठे अडले, कोणता कागद नेहमी राहून जातो. ग्राहकाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र त्याच्या परवानगीशिवाय लिहू नये.

नियमितपणा कशासाठी, याचे उत्तर बाजाराच्या गणितात आहे. एरेनबर्ग-बास संस्थेचे प्राध्यापक जॉन डॉज यांनी 2021 मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला. कंपनी एखादी सेवा साधारण पाच वर्षांनी एकदा बदलत असेल, तर वर्षाला 20 टक्के आणि तिमाहीला जेमतेम 5 टक्के ग्राहकच खरेदीच्या तयारीत असतात. सोमवारची पोस्ट वाचणाऱ्या बहुतेकांना त्या दिवशी सल्लागार नकोच असतो. सहा महिन्यांनी अधिकाऱ्याची नोटीस येते, तेव्हा ज्याचे नाव आठवते त्याला फोन जातो. दोन महिने लिहून ‘काही उपयोग नाही’ म्हणत थांबणारे नेमके त्या फोनच्या आधी थांबतात.

स्वतःच्या पोस्टइतक्याच इतरांच्या पोस्टवरच्या कमेंट महत्त्वाच्या, कारण फॉलोअर कमी असताना वाचक दुसऱ्याच्या अंगणातच भेटतात. पॅकेजिंगच्या एखाद्या मोठ्या खात्यावरील पोस्टखाली ‘छान माहिती’ लिहून काही होत नाही. ‘नवी पिशवी वापरली तर टिकाऊपणाची तारीखही पुन्हा तपासावी लागते, कारण…’ अशी भर घातली, तर वाचणारे प्रोफाइलवर येतात.

आलेला माणूस दारातूनच परत जाऊ नये, याची सोयही हवी. मोफत खाते असलेला अनोळखी सदस्य सहसा थेट संदेश पाठवू शकत नाही. प्रोफाइलवरील Open to या बटणात Providing services निवडून सेवांचे पान तयार केले, तर त्यावरून त्याला विनामूल्य संपर्क साधता येतो. संपर्काच्या रकान्यात ईमेलही असावा. चौकशी आली, की दरपत्रक धाडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : उत्पादने किती, छपाई कधी, नोटीस आली आहे का? उत्तरांवरून काम लहान की तातडीचे, ते समजते.

फसगत होते ती लाइक मोजताना. प्रेरणादायी गोष्टीला दोनशे लाइक मिळतील आणि ते सगळे जुन्या सहकाऱ्यांचे असतील. सल्फाइटच्या पोस्टला अकराच मिळतील, पण तिच्या आकडेवारीत वाचकांच्या पदनामांमध्ये ‘मालक’ आणि ‘संस्थापक’ दिसले, तर तीच चालली. एका वहीत प्रत्येक चौकशीपुढे ‘कुठून कळले?’ याचे उत्तर लिहीत जावे. तीन-चार महिन्यांत कोणत्या विषयाच्या पोस्ट वाचून माणसे येतात ते स्पष्ट होते, आणि बाकीचे विषय सोडून देता येतात.

हा मार्ग सर्वांना सारखा खुला नाही. वकिलांना जाहिरात करून काम मिळवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. इतर व्यावसायिकांनीही आपल्या संस्थेचे नियम आधी पाहावेत. आणि ज्या कामाचे ग्राहक लिंक्डइनवर येतच नाहीत, तिथे कितीही चांगली पोस्ट फोन आणणार नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी आपल्या शेवटच्या दहा ग्राहकांची नावे तिथे शोधून पाहावीत. निम्मे सापडले, तर लिहायला सुरुवात करावी. एक-दोनच सापडले, तर तोच वेळ बाजार समितीत, प्रदर्शनात किंवा संघटनेच्या बैठकीत घालवलेला बरा.