टायटन नक्की कोणाची?

तनिष्कच्या दुकानात शिरणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की असते: दुकान टाटांचं आहे, म्हणजे सोनं खरं असणार. तनिष्क हा टायटन कंपनीचा ब्रँड आणि टायटन टाटा समूहातली, इथपर्यंत सगळं बरोबर. पण टायटनचे सर्वाधिक शेअर कोणाकडे आहेत, असं विचारलं तर उत्तर टाटा नाही. ते आहे तमिळनाडू सरकारचं एक महामंडळ. ही काही आतल्या गोटातली बातमी नव्हे. दर तीन महिन्यांनी कंपनी स्वतःच ती जाहीर करते. आपण तो तक्ता उघडत नाही, एवढंच.

या तक्त्याला शेअरहोल्डिंग पॅटर्न म्हणतात. प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत तो शेअर बाजाराकडे द्यावा लागतो, असा सेबीचा नियम आहे. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टायटनचा क्रमांक 500114 टाकला की कंपनीचं पान उघडतं आणि त्यात शेअरहोल्डिंग पॅटर्नचा दुवा सापडतो. कुठेही पैसे भरावे लागत नाहीत, खातंही लागत नाही.

तक्त्यात मालकांचे मुख्य दोन गट असतात. एक प्रवर्तक, म्हणजे बाजाराच्या भाषेत प्रमोटर, आणि दुसरा पब्लिक. (कर्मचाऱ्यांसाठी शेअर ठेवणाऱ्या ट्रस्टसारख्यांचा एक छोटा तिसरा गटही असतो. तो इथे बाजूला ठेवू.) प्रमोटरांची यादी पूर्ण द्यावी लागते, हिस्सा कितीही लहान असो. पब्लिकमध्ये मात्र एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असणाऱ्यांचीच नावं येतात. बाकीचे सगळे एकेका ओळीत गोळाबेरीज होऊन बसतात.

टायटनचे एकूण शेअर सुमारे ८८ कोटी ७८ लाख. गेली काही वर्षं प्रमोटर गटाची बेरीज ५२.९० टक्के दिसते आणि ती दोन अगदी वेगळ्या घरांतून आलेली आहे. २७.८८ टक्के तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे टिडकोचे. उरलेले २५.०२ टक्के टाटांचे. १९८४ साली टिडको आणि टाटा यांनी मिळून ही कंपनी काढली, घड्याळांचा कारखाना तमिळनाडूत होसूरला उभा राहिला, आणि ती भागीदारी आजही तक्त्यात जशीच्या तशी दिसते. टायटनच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षपदावर तमिळनाडू सरकारचा सनदी अधिकारी बसतो, याचं अनेकांना नवल वाटतं. २७.८८ हा आकडा वाचला की ते वाटेनासं होतं.

टाटांचे २५.०२ टक्केही एका नावावर नाहीत. टाटा सन्स २०.८४, टाटा इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन २.०१, टाटा केमिकल्स १.५६, एवार्ट इन्व्हेस्टमेंट्स ०.५६ आणि पिएम हॉटेल्स ०.०५ अशा पाच ओळी आहेत. घड्याळं आणि दागिने विकणाऱ्या कंपनीत एका हॉटेल कंपनीचा सूतभर हिस्सा का, असा प्रश्न पडतो. जुन्या उद्योगसमूहांच्या तक्त्यांत अशी धुगधुगी राहिलेली नाती बरीच सापडतात.

आता या पाच ओळींची बेरीज करायची की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि मालकी शोधताना बहुतेकांचा घोळ इथेच होतो. कारण हिशेब दोन आहेत. एक मतांचा आणि दुसरा पैशांचा.

मतांसाठी बेरीज करायची. पाचही कंपन्या टाटांच्या बाजूने मत देणार असं धरलं तर टाटांच्या हाती २५.०२ टक्के मतं आहेत. कंपनीचा विशेष ठराव मंजूर व्हायला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात. कोणाकडे नेमके २५ टक्के असतील आणि बाकी सगळे त्याच्या विरुद्ध उभे राहिले, तर ७५ विरुद्ध २५ होऊन ठराव कसाबसा पार पडतो. २५.०२ असतील तर पडतो. दशांशानंतरच्या त्या दोन घरांना हे वजन आहे. टिडकोकडे तर त्याहून जास्त मतं आहेत, म्हणून घटनेतला बदल असो की अन्य काही मोठा ठराव, दोघांपैकी कोणीही एकटा अडून बसला तर गाडी पुढे सरकत नाही.

पैशांसाठी मात्र गुणाकार करायचा, आणि त्यासाठी एक पायरी वर चढावं लागतं. टिडकोच्या बाजूला चढण लगेच संपते. महामंडळ तमिळनाडू सरकारच्या मालकीचं, त्यामुळे तिथला लाभांश अखेर त्या राज्याकडे जातो. टाटांच्या बाजूला जिना मोठा आहे.

टाटा सन्स शेअर बाजारात नोंदलेली नाही, म्हणून तिचा तिमाही तक्ता निघत नाही. अशा कंपनीचे भागधारक शोधायचे तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जावं लागतं. तिथे कंपनी दरवर्षी MGT-7 नावाचं वार्षिक विवरण दाखल करते आणि त्यासोबत भागधारकांची यादी असते. शंभर रुपये फी भरली की कोणालाही ती कागदपत्रं पाहता येतात. पोर्टल अधूनमधून रुसतं, तेव्हा थोडा धीर धरायचा. टाटा सन्सच्या बाबतीत तेवढेही कष्ट नाहीत, कारण तिची मालकी जगजाहीर आहे. सुमारे ६६ टक्के हिस्सा टाटा ट्रस्टांचा. त्यात सर दोराबजी टाटा ट्रस्टचे सुमारे २८ आणि सर रतन टाटा ट्रस्टचे साधारण साडेतेवीस टक्के. शापूरजी पालनजी समूहाकडे १८ टक्क्यांहून थोडं जास्त.

मग टायटनने वाटलेल्या शंभर रुपये लाभांशातले ट्रस्टांच्या वाट्याचे किती? टाटा सन्सकडे २० रुपये ८४ पैसे जातात. त्याचे ६६ टक्के म्हणजे सुमारे पावणेचौदा रुपये. त्याच वाटेने शापूरजी पालनजींच्या वाट्याला पावणेचार-चार रुपये येतात, जरी टायटनच्या तक्त्यात त्यांचं नाव शोधून सापडणार नाही. अर्थात हे हक्काचे वाटे. टाटा सन्स स्वतः किती लाभांश वाटते, यावर हातात प्रत्यक्ष किती पडतं ते ठरतं. पण चित्र साफ आहे: मतांचा विचार केला तर चौथा हिस्सा, पैशांचा विचार केला तर त्याच्या जवळपास निम्मा.

बाकीच्या चार ओळींचाही गुणाकार करायला बसलं की एका जागी माणूस गरगरतो. टायटनमध्ये टाटा केमिकल्सचा हिस्सा आहे. टाटा केमिकल्समध्ये टाटा सन्सचा सुमारे ३२ टक्के. आणि टाटा सन्समध्ये पुन्हा टाटा केमिकल्सचा अडीच टक्के. म्हणजे वर चढत गेलो तर खालच्याच मजल्यावर येऊन पोहोचतो. अशा गोल फेऱ्यात प्रत्येक फेरीला हिस्सा बराच बारीक होत जातो, म्हणून एक फेरी मोजून थांबलं तरी उत्तरात फार फरक पडत नाही.

ट्रस्टांपाशी मात्र जिना खरोखर संपतो. धर्मादाय ट्रस्टला भागधारक नसतात. विश्वस्त असतात, ते निर्णय घेतात, पण पैसा त्यांचा नसतो. कायद्यालाही यातून वाट काढावी लागली. कंपनीचा खरा लाभार्थी मालक जाहीर करण्याचे जे नियम २०१८ मध्ये आले, त्यात धर्मादाय ट्रस्ट आडवा आला की विश्वस्तालाच लाभार्थी मालक धरतात. वाचताना थोडं विचित्र वाटतं, पण दुसरं कोणाचं नाव लिहिणार?

आता पब्लिकची बाजू, उरलेले ४७.१० टक्के. पब्लिक म्हणजे तुमच्याआमच्यासारखी मंडळी, ही समजूत पहिल्या पानावरच गळून पडते. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड सगळे यातच. टायटनच्या या यादीत राकेश झुनझुनवाला आणि त्यांच्या पत्नी रेखा यांची नावं वर्षानुवर्षं दिसत आली. तो हिस्सा हजारो कोटींचा होता, तरी तक्त्याच्या लेखी ते पब्लिकच. प्रमोटर म्हणजे कंपनी काढणारा किंवा चालवणारा. नुसता श्रीमंत भागधारक तिथे बसत नाही. उलट टोकाचं उदाहरण आयटीसीचं. तिथे प्रमोटरांपुढे शून्य आहे आणि एक पंचमांशाहून जास्त हिस्सा असलेली ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आपल्या उपकंपन्यांमार्फत पब्लिकमध्ये बसलेली आहे. फक्त प्रमोटरांची ओळ वाचून पान मिटणाऱ्याला आयटीसी बेवारस वाटेल.

पब्लिकच्या तक्त्यात एक जुना सापळा आहे. व्यक्तींच्या दोन ओळी असतात: दोन लाख रुपयांपर्यंत भांडवल असणारे आणि त्याहून जास्त असणारे. पहिली ओळ म्हणजे छोटे गुंतवणूकदार, असं बिनधास्त लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे. पण हे दोन लाख बाजारभावाने मोजलेले नसतात, दर्शनी किमतीने मोजलेले असतात. टायटनच्या शेअरची दर्शनी किंमत एक रुपया. म्हणजे दोन लाख शेअर बाळगणारा माणूसही पहिल्याच ओळीत जातो. भाव तीन हजार रुपये धरला तर त्याच्याकडचा माल साठ कोटींचा झाला. दर्शनी किंमत दहा रुपये असलेल्या कंपनीत हीच सीमा वीस हजार शेअरांवर येते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या या ओळी शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर आधी दर्शनी किंमत बघावी.

प्रमोटरांच्या तक्त्यात उजवीकडे सरकलं की गहाण शेअरांचा रकाना येतो आणि घाईत तोच सुटतो. तिथे मोठा आकडा असेल तर मालकी कागदावर प्रमोटरची, पण किल्ली सावकाराकडे. भाव कोसळला आणि सावकाराने शेअर विकून टाकले, तर पुढच्या तिमाहीत प्रमोटरचा हिस्सा एकदम घसरलेला दिसतो. तक्ता तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा असल्यामुळे मधल्या तीन महिन्यांत काय झालं ते त्यात येत नाही. त्यासाठी पाच टक्क्यांवरच्या भागधारकांनी दोन टक्के किंवा जास्त फेरफार केल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची सूचना शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर वेगळी शोधावी लागते.

आणि माग काढता काढता कुठे हात टेकायचे, तेही माहीत असावं. पब्लिकमध्ये मॉरिशस किंवा सिंगापूरच्या एखाद्या फंडाचं नाव आलं, तर त्या फंडात पैसा कोणाचा हे तक्ता सांगत नाही. तो तुमच्या ओळखीच्याच प्रमोटरचा, वळसा घालून परत आलेला असू शकतो, हा संशय जुना आहे. जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्गने अदानी समूहावर अहवाल काढला, तेव्हा भांडण बरंचसं याच ओळींवरून होतं. त्याच वर्षी सेबीने नियम केला: जो परदेशी फंड भारतातल्या शेअरांमधली निम्म्याहून जास्त गुंतवणूक एकाच उद्योगसमूहात ठेवतो, त्याने आपल्यामागची माणसं शेवटपर्यंत उलगडून सांगायची. काही अपवाद वगळता ही माहिती द्यावीच लागते, पण ती नियामकांकडे जाते. शेअर बाजाराच्या पानावर त्या ओळीत फंडाचंच नाव राहतं.