स्नायूची लांबी आणि त्याची ताकद

स्नायू किती जोर लावू शकतो, हे त्याच्या जाडीवर जसे अवलंबून असते, तसेच त्या क्षणी तो किती ताणलेला किंवा आखडलेला आहे यावरही असते. फार आखडलेला स्नायू दुबळा पडतो, फार ताणलेलाही दुबळा पडतो. सर्वांत जास्त जोर मधल्या कुठल्यातरी लांबीला मिळतो. याचे कारण सार्कोमिअर या स्नायूच्या सूक्ष्म एककाच्या रचनेत सापडते.

स्नायूच्या प्रत्येक पेशीत हजारो सार्कोमिअर एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी भिंत असते, तिला झेड-रेषा म्हणतात. या भिंतींपासून ॲक्टिनचे बारीक तंतू आत मध्याकडे येतात, तर मध्यभागी मायोसिनचे जाड तंतू असतात. मायोसिनला बाहेर आलेली असंख्य डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, मध्याकडे ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. तंतूंची स्वतःची लांबी बदलत नाही, ते फक्त एकमेकांत सरकतात. म्हणून ज्या डोक्यांसमोर ॲक्टिन आहे तीच कामाला लागतात. बाकीची असून नसल्यासारखी.

ही कल्पना १९५४ मध्ये मांडली गेली. तिची कसोटी १९६६ मध्ये लंडनमध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन या तिघांनी घेतली. बेडकाच्या स्नायूतली एकच पेशी वेगळी काढून, तिची लांबी स्थिर धरून, विजेच्या सलग झटक्यांनी तिला पूर्ण आकुंचन करायला लावायचे आणि ताण मोजायचा, असा तो प्रयोग होता. खरी अडचण निराळीच होती. पेशीच्या टोकांकडचे सार्कोमिअर मधल्यांपेक्षा आखूड राहतात, त्यामुळे संपूर्ण पेशीची लांबी धरून काढलेले आकडे फसवे ठरतात. म्हणून त्यांनी पेशीच्या मधल्या भागावर दोन खुणा लावल्या आणि त्या खुणांमधले अंतरच यंत्राने स्थिर ठेवले. प्रयोगाचे खरे कसब इथेच आहे.

बेडकात मायोसिनचा तंतू सुमारे १.६ मायक्रोमीटर लांब असतो आणि त्याच्या अगदी मधल्या ०.२ मायक्रोमीटर पट्ट्यात डोकी नसतात. दोन्ही बाजूंचे ॲक्टिन आणि मधली झेड-रेषा मिळून सुमारे २.०५ मायक्रोमीटर भरतात. आता सार्कोमिअर ३.६५ मायक्रोमीटरपर्यंत ताणला, तर १.६ आणि २.०५ यांची बेरीज पुरी होते. तंतूंची टोके जेमतेम भिडतात आणि जोर शून्य होतो. लांबी २.२५ वर आणली की ॲक्टिन डोक्यांच्या सगळ्या पट्ट्यावर पोचतो आणि जोर कमाल होतो. या दोहोंच्या बरोबर मध्ये, २.९५ ला, निम्मी डोकी कामावर असतात आणि जोरही जवळपास निम्माच भरतो. उतार असा सरळ रेषेत येतो, म्हणजे प्रत्येक डोके आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलते.

२.२५ पासून २.०५ पर्यंत जोर तसाच टिकतो, कारण ॲक्टिन फक्त बिनडोक्याच्या पट्ट्यात शिरतो. त्याखाली दोन्ही बाजूंचे ॲक्टिन एकमेकांवर चढू लागतात आणि जोर हळूहळू घटतो. सुमारे १.६५ ला मायोसिनची टोके झेड-रेषेवर जाऊन आदळतात, मग घसरण झपाट्याची होते आणि १.२७ च्या आसपास जोर संपतो. माणसाचा ॲक्टिन बेडकापेक्षा लांब असल्याने आपल्यात कमाल जोराची लांबी जास्त, साधारण २.६ ते २.८ मायक्रोमीटर असते.

हा हिशेब केवळ सक्रिय जोराचा झाला. शांत स्नायूही ताणला की प्रतिकार करतोच. त्यात टायटिन या स्प्रिंगसारख्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्यामुळे खूप ताणलेल्या स्नायूत सक्रिय जोर घटला तरी एकूण ताण वाढलेला दिसू शकतो. शिवाय हा आलेख स्थिर लांबीचा आहे. स्नायू वेगाने आखडत असेल तर त्याच लांबीला जोर कमी पडतो.

घरबसल्या याचा पडताळा मनगटावर घेता येतो. मनगट थोडे मागे कलवून पेन्सिल मुठीत घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने ती ओढून पाहावी. मग मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवून तेच करावे. पेन्सिल सहज निसटते. बोटे मिटणारे स्नायू कोपरापासून मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. मनगट वाकले की ते आधीच आखूड होतात आणि मूठ मिटताना आणखी आखडून आलेखाच्या उतरत्या टोकाला पोचतात. मात्र सगळे श्रेय याच कारणाला देणे बरोबर नाही. हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू त्या वेळी ताणले जाऊन बोटे उघडू पाहतात, तोही यातला भागीदार असतो.

स्नायूची ही उत्तम लांबी कायमची ठरलेली नसते. १९७२ मध्ये मांजराच्या पोटरीतला स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा काही आठवड्यांत त्याच्या पेशींमधले रांगेतले सुमारे ४० टक्के सार्कोमिअर कमी झाले. प्लास्टर काढल्यावर ती संख्या पुन्हा भरून आली.