चुकीमुळे मिटलेलं वर्तुळ

संगणकाच्या पडद्यावर एकेक ठिपका उमटवत वर्तुळ काढायचं आहे. साइन-कोसाइनची आकडेमोड जुन्या यंत्रांना परवडत नसे, म्हणून एक सोपी युक्ती सुचते. ठिपका आणि केंद्र यांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात जरासं सरकायचं, आणि नव्या जागेवरून पुन्हा तेच करायचं. e ही लहानशी संख्या धरली तर प्रत्येक पाऊल असं पडतं:

```
x1 = x - e*y
y1 = y + e*x
```

युक्ती बिनचूक वाटते, पण वर्तुळ मिटत नाही. e = १/१६ घेऊन केंद्रापासून १०० अंतरावर सुरुवात केली, तर साधारण शंभर पावलांत एक फेरी होते आणि तोवर ठिपका १२१ च्याही पुढे सरकलेला असतो. पडद्यावर गोल नव्हे, बाहेर पसरत जाणारी चकली उमटते.

एमआयटीतल्या मंडळींनी १९७२ साली आपल्या युक्त्याप्रयुक्त्यांचं ‘हॅकमेम’ नावाचं टिपण काढलं. त्यात मार्विन मिन्स्कींच्या नावावर यावरचा तोडगा आहे, आणि तो चुकून सापडलेला आहे. एक रजिस्टर वाचवण्याच्या खटपटीत दुसऱ्या ओळीत जुन्या x ऐवजी नुकताच काढलेला नवा x वापरला गेला:

```
x1 = x - e*y
y1 = y + e*x1
```

आणि वर्तुळ मिटलं! हे का घडलं ते e = १ इतकं मोठं पाऊल घेतलं की कागदावरच दिसतं. पहिल्या रीतीने (१, ०) पासून निघालो की (१, १), (०, २), (−२, २), (−४, ०) असे बिंदू मिळतात. दर पावलाला ४५ अंशांचं वळण आणि अंतर √२ पट. चुकीच्या रीतीने मात्र (१, १), (०, १), (−१, ०), (−१, −१), (०, −१) आणि सहाव्या पावलाला थेट (१, ०). स्वारी घरी परत!

दोन्ही रीती म्हणजे २×२ चे मॅट्रिक्स: पहिलं [१ −१, १ १], दुसरं [१ −१, १ ०]. मॅट्रिक्स लावल्यावर एखाद्या दिशेतला बिंदू त्याच रेषेवर राहून फक्त लांब किंवा जवळ गेला, तर जितक्या पट गेला ती त्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू. ती λ² − Tλ + D = ० या वर्गसमीकरणातून निघते. T ही मुख्य कर्णावरच्या दोन संख्यांची बेरीज, आणि D म्हणजे निश्चयक. पण आपले सगळेच बिंदू वळताहेत, जागची राहणारी दिशाच नाही. त्यामुळे समीकरणाला वास्तव उत्तर मिळत नाही, संमिश्र मिळतं: पहिल्यासाठी १ ± i, दुसऱ्यासाठी १/२ ± (√३/२)i.

या उत्तरातच सगळी हकिगत दडलेली आहे. p ± qi मध्ये √(p² + q²) ही प्रत्येक पावलाची वाढ, आणि ती नेमकी √D भरते. पहिल्या रीतीत D = १ + e², म्हणजे पाऊल कितीही लहान घ्या, चकली सुटणारच. मिन्स्कींच्या रीतीत D नेहमी १, म्हणून ना वाढ ना घट. (D एकाहून कमी असता तर ठिपका गिरक्या घेत केंद्रात गेला असता.) वळणाचा कोनही तिथेच आहे: (p, q) हा बिंदू x-अक्षाशी करतो तो. १ ± i साठी ४५ अंश, दुसऱ्यासाठी ६०. वळण डावीकडे की उजवीकडे, हे मात्र ± असल्यामुळे आयगेनव्हॅल्यू सांगत नाही. त्यासाठी मॅट्रिक्सच पाहावं लागतं.

इथे चाणाक्ष वाचक अडेल. आपले सहा बिंदू ६०-६० अंशांनी कुठे वळताहेत? कोन मोजले तर ४५, ४५, ९० असे भरतात आणि (१, १) आणि (−१, −१) इतरांपेक्षा लांबही आहेत. तक्रार खरी आहे, पण दोष आलेखाच्या कागदाचा. y-अक्ष x-अक्षाशी ९० ऐवजी १२० अंशांवर कलवा आणि तेच सहा बिंदू पुन्हा मांडा: चोख नियमित षटकोन उभा राहतो. संमिश्र आयगेनव्हॅल्यू असलेलं प्रत्येक वास्तव २×२ मॅट्रिक्स असंच असतं. योग्य तिरक्या, ताणलेल्या कागदावर ते निव्वळ वळण आणि पट असतं. नेहमीच्या चौकटीच्या कागदावर वर्तुळाचं लंबवर्तुळ दिसतं. आपले सहा बिंदू x² − xy + y² = १ या लंबवर्तुळावर आहेत. सर्वसाधारण e साठी मधलं पद exy होतं, म्हणून e लहान असला की डोळ्यांना ते वर्तुळच वाटतं.

या युक्तीला मर्यादाही आहे. उत्तर संमिश्र यायला T² हे ४D पेक्षा लहान हवं. इथे T = २ − e², म्हणजे e दोनच्या आत हवा. e = ३ ठेवून पाहा: (१, ०) वरून (१, ३), तिथून थेट (−८, −२१). D अजूनही १ च आहे, पण आयगेनव्हॅल्यू आता वास्तव आहेत, एक सुमारे −६.८५ आणि दुसरी −०.१५. त्यामुळे ठिपका दर पावलाला जवळपास सातपट दूर उडतो, एकदा या बाजूला, एकदा त्या.