हळदीची शंभर पोती आणि जामीनदाराची सही

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यातल्या कलम १२४ ते १४७ मध्ये क्षतिपूर्ती आणि हमी, तर कलम १४८ ते १८१ मध्ये बेलमेंट आणि तारण यांचे नियम आहेत. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी या चार करारांतले फरक रकाने आखून पाठ करतात. व्यवहारात मात्र हे करार बहुधा एकाच कर्जाच्या फायलीत भेटतात, आणि त्यांचा खरा अर्थ ते एकमेकांवर कसे परिणाम करतात हे पाहिल्यावरच उमगतो.

समजा, सांगलीच्या एका व्यापाऱ्याने हळदीची शंभर पोती बँकेकडे तारण ठेवून साडेचार लाख रुपये उचलले. पोत्याचा भाव सहा हजार, म्हणजे माल सहा लाखांचा. गोदामाची किल्ली बँकेने आपल्याकडे घेतली. शिवाय व्यापाऱ्याच्या मित्राने जामीनदार म्हणून सही केली.

आधी मालाचे पाहू. ठरावीक हेतूसाठी वस्तूचा ताबा दुसऱ्याकडे द्यायचा आणि हेतू पुरा झाल्यावर ती परत मिळायची किंवा सांगितल्याप्रमाणे तिची विल्हेवाट लागायची, हा झाला बेलमेंट. शिंप्याकडे दिलेले कापड, दुरुस्तीला टाकलेले घड्याळ, भाड्याने घेतलेली सायकल ही त्याचीच उदाहरणे. मालकी देणाऱ्याचीच राहते, ताबा तेवढा बदलतो. वस्तू प्रत्यक्ष उचलून द्यावी लागते असेही नाही. गोदामाची किल्ली सोपवली तरी कायद्याच्या दृष्टीने मालाचा ताबा गेला. उलट, १९३८ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात एका स्त्रीने सोनाराकडे दागिने मोडून नवे घडवायला दिले होते. रोज संध्याकाळी ती अर्धवट दागिने सोनाराच्या खोलीतल्या पेटीत कुलूपबंद करून किल्ली स्वतः घेऊन जाई. चोरी झाली तेव्हा सोनार जबाबदार ठरला नाही, कारण किल्ली नेताना तिने ताबाही परत घेतला होता.

कर्जाची किंवा वचनाची सुरक्षितता म्हणून केलेला बेलमेंट म्हणजे तारण. म्हणून प्रत्येक तारण हे बेलमेंट असते, पण प्रत्येक बेलमेंट तारण नसतो. फरकाचा गाभा विक्रीच्या हक्कात आहे. मजुरी न मिळाल्यास शिंपी शिवलेला सदरा अडवून ठेवू शकतो, पण बेलमेंटच्या या नियमांनी त्याला तो विकता येत नाही. तारणदार बँकेला मात्र कर्ज थकल्यावर रास्त मुदतीची नोटीस देऊन माल विकता येतो. नोटीस न देता केलेली विक्री कर्जदाराला आव्हान देता येते. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदार पैसे आणि झालेला खर्च भरून माल सोडवून नेऊ शकतो. विक्रीतून जास्त रक्कम आली तर ती त्याचीच. कर्जदाराच्याच ताब्यात राहणाऱ्या मालावरचे कर्ज, म्हणजे नजरगहाण, यात बसत नाही, कारण तिथे ताबा दिलेलाच नसतो.

आता जामीनदार. हमीच्या करारात धनको, मूळ ऋणको आणि जामीनदार असे तीन पक्ष असतात. ऋणकोने चूक केली तर मी भरीन, असे वचन जामीनदार धनकोला देतो. कर्ज ऋणकोला मिळाले, एवढा मोबदला त्या वचनाला पुरतो. जामीनदाराच्या पदरात काही पडले पाहिजे असे नाही. आधी ऋणकोकडून वसुली होईल, मग आपल्याकडे येतील, ही समजूत अनेक जामीनदारांना महागात पडते. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच व्यापक असते. करारात वेगळे ठरले नसेल तर धनकोने आधी ऋणकोची मालमत्ता संपवावी अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या निकालात स्पष्ट केले. सही करणाऱ्याने हे सही करण्यापूर्वीच जाणून घ्यायला हवे.

मात्र कायदा जामीनदाराला उघड्यावरही सोडत नाही. हमी देताना धनकोकडे जे तारण असेल त्याचा लाभ जामीनदाराला मिळतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो. त्याच्या संमतीविना धनकोने ते गमावले किंवा सोडून दिले, तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार सुटतो.

इथे हळदीची कथा पुढे नेऊ. बँकेने गळके छप्पर दुरुस्त केले नाही आणि पावसात तीस पोती कुजली. बेलमेंटमध्ये ताबेदाराने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते, मग त्याला मोबदला मिळो वा न मिळो. बँकेची ती काळजी इथे कमी पडली. भाव तोच आहे असे धरू. कर्ज व्याजासह पाच लाखांवर गेले आणि थकले. बँकेने नोटीस देऊन उरलेली सत्तर पोती विकली, चार लाख वीस हजार आले. ऐंशी हजार बाकी राहिले म्हणून बँक जामीनदाराकडे गेली. पण कुजलेला माल एक लाख ऐंशी हजारांचा होता, म्हणजे बाकीपेक्षा जास्त. जामीनदार पूर्ण सुटला. व्यापाऱ्याला तर नुकसानभरपाईतून बाकी वळती होऊन एक लाख रुपये बँकेकडून येणे झाले. माल नीट राहिला असता तर विक्रीतून त्याच्या हाती एवढेच उरले असते.

हे केवळ पुस्तकी गणित नाही. अमृतलाल गोवर्धन लालन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या प्रकरणात बँकेकडच्या तारणमालात ३५,६९० रुपयांची तूट निघाली आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला तेवढ्या रकमेपुरते मोकळे केले.

जामीनदाराला रक्कम भरावी लागलीच, तर तो धनकोच्या जागी उभा राहतो आणि स्वतःच्या नावाने ऋणकोकडून वसुली करू शकतो. हा हक्क कलम १४५ मधून येतो: जामीनदाराची भरपाई करीन, असे ऋणकोचे न बोललेले वचन प्रत्येक हमीत धरलेले असते. हे वचन क्षतिपूर्तीचेच आहे.

क्षतिपूर्तीत पक्ष दोनच. स्वतःच्या किंवा इतर कुणाच्या वागण्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीपासून त्याला वाचवण्याचे वचन एक जण देतो. मुदत ठेवीची पावती हरवली आणि बँकेने दुसरी देण्यापूर्वी बंधपत्र लिहून घेतले, तर ते क्षतिपूर्तीचे. तिथे आधीचे कर्ज नसते, मूळ ऋणकोही नसतो, जबाबदारी थेट वचन देणाऱ्याची असते. हमीत मात्र आधी कुणाचे तरी देणे असावे लागते. कलम १२४ ची व्याख्या माणसाच्या वागण्यापुरतीच आहे. आपोआप लागलेल्या आगीचा विमा तिच्यात बसत नाही.

नुकसान प्रत्यक्ष सोसल्याशिवाय भरपाई मागता येते का, हा प्रश्न कायद्याच्या शब्दांतून सुटत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयात १९४२ मध्ये गजानन मोरेश्वर परळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात न्यायमूर्ती छागला यांनी त्याचे उत्तर दिले. देणे निश्चित झाले असेल, तर ज्याला वचन दिले आहे त्याने आधी खिशातून पैसे भरण्याची गरज नाही. वचन देणाऱ्यानेच ते देणे फेडावे, अशी मागणी तो करू शकतो.