आधी पैसे, मग केओटी

कॅफेच्या अ‍ॅपवरून आगाऊ दिलेली ऑर्डर लगेच स्वयंपाकघरात पोहोचत नाही. पैसे मिळाल्याची खात्री होईपर्यंत ती सर्व्हरवर रोखून धरलेली असते आणि खात्री झाल्यावरच तिची केओटी, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची चिठ्ठी, निघते. सेल्फ-सर्व्हिस उडुपी हॉटेलात हाच क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. गल्ल्यावर पैसे द्यायचे, कूपन घ्यायचे आणि ते आतल्या काउंटरवर दिले की डोसा तव्यावर पडतो. गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात मात्र प्रत्यक्ष नोट येते. अ‍ॅपवरचा ग्राहक दोन किलोमीटर लांब असतो, त्याचे पैसे एका बँकेतून दुसरीकडे निघालेले असतात आणि कॅफेच्या हाती येतो तो फक्त एक निरोप. कोणत्या निरोपावर विश्वास ठेवून ऑर्डर सोडायची, या प्रश्नाभोवती ही सगळी यंत्रणा बांधलेली आहे.

पुण्यातल्या एखाद्या कॅफेचे उदाहरण घेऊ. ग्राहक सकाळी ८.४० वाजता १८० रुपयांची कोल्ड कॉफी आणि १४० रुपयांचे ग्रिल्ड सँडविच निवडतो आणि ९ वाजता घ्यायला येईन असे कळवतो. ३२० रुपयांवर ५ टक्के जीएसटी धरून बिल ३३६ रुपये होते. हा हिशेब फोनवर दिसत असला तरी तो करायचा असतो कॅफेच्या सर्व्हरने. फोनमधल्या अ‍ॅपशी खटपट करून ३३६ च्या जागी ३ रुपये पाठवणे अशक्य नसते, त्यामुळे फोनने केवळ कोणते पदार्थ आणि किती एवढेच कळवायचे. भाव सर्व्हरने आपल्या यादीतून लावायचे. सँडविचचा ब्रेड संपलेला नाही ना, दुकान ९ वाजता उघडे आहे ना, हेही याच क्षणी तपासले जाते. पैसे घेतल्यानंतर ‘माल नाही’ असे सांगण्याची वेळ आली तर परताव्याचे काम मागे लागते, म्हणून ही तपासणी पैशांच्या आधी. मग ऑर्डरला क्रमांक मिळतो, रक्कम गोठवली जाते आणि तिच्यापुढे ‘पैशांची प्रतीक्षा’ अशी स्थिती लिहिली जाते.

यानंतर सर्व्हर पेमेंट गेटवे कंपनीकडे ३३६ रुपयांची मागणी नोंदवतो. अनेक गेटवे रक्कम पैशांत घेतात, तेव्हा ती ३३६०० अशी जाते. दशांश चिन्हाच्या घोळातून होणाऱ्या चुका त्याने टळतात. ग्राहकाच्या फोनवर त्याचे यूपीआय अ‍ॅप उघडते, रक्कम आधीच भरलेली असते, तो पिन टाकतो. आता निरोप त्याच्या अ‍ॅपमागच्या बँकेकडून एनपीसीआयकडे जातो. एनपीसीआय ग्राहकाच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, तसा होकार आला की पैसे स्वीकारणाऱ्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते आणि मग यशाचा निरोप उलट दिशेने परततो. सगळे सुरळीत असेल तर याला काही सेकंद लागतात.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. यश कळले त्या क्षणी ३३६ रुपये कॅफेच्या खात्यात आलेले नसतात. गेटवेमार्फत घेतलेली रक्कम आधी गेटवेच्या एस्क्रो खात्यात जमा होते आणि साधारण पुढच्या कामाच्या दिवशी, इतर व्यवहारांसोबत एकत्र, कॅफेकडे वळती होते. म्हणजे कॅफे कॉफी बनवायला घेतो तो पैसे हाती आले म्हणून नव्हे, तर ते येणारच याची पक्की हमी मिळाली म्हणून.

ही हमी दोन वाटांनी येते. एक निरोप ग्राहकाच्या फोनवरून येतो: यूपीआय अ‍ॅप बंद होऊन कॅफेचे अ‍ॅप पुन्हा समोर येते आणि ‘पेमेंट यशस्वी’ असे कळवते. दुसरा निरोप फोनला वगळून थेट गेटवेच्या सर्व्हरकडून कॅफेच्या सर्व्हरकडे येतो. त्याला वेबहूक म्हणतात. ऑर्डर सोडायची ती या दुसऱ्या निरोपावर. फोनवरचा निरोप बनावट असू शकतो, शिवाय पिन टाकल्याबरोबर फोनची बॅटरी संपली किंवा ग्राहक लिफ्टमध्ये शिरून नेटवर्क गेले, तर तो येतही नाही. म्हणून ग्राहकाला दिलासा देण्यापुरताच त्याचा उपयोग करावा, हे उत्तम.

वेबहूकही डोळे मिटून स्वीकारायचा नसतो. कॅफे आणि गेटवे यांच्यात एक गुप्त किल्ली ठरलेली असते. गेटवे निरोपाचा मजकूर आणि ती किल्ली यांवरून एक सही काढून सोबत पाठवतो. कॅफेचा सर्व्हर तीच आकडेमोड स्वतः करून सही जुळते का ते पाहतो. मग आलेली रक्कम ३३६०० च आहे ना आणि ऑर्डर क्रमांक तोच आहे ना, हे तपासतो. याहून महत्त्वाची सावधगिरी पुनरावृत्तीची. कॅफेच्या सर्व्हरकडून पोच मिळाली नाही तर गेटवे तोच वेबहूक पुन्हा पाठवतो, कधी कधी अनेकदा. प्रत्येक निरोपाला एक केओटी असे लिहिलेले असेल, तर एका पैशात तीन सँडविच भाजली जातात. म्हणून आधी ऑर्डरची स्थिती पाहायची: ती ‘पैशांची प्रतीक्षा’ असेल तरच ‘पैसे मिळाले’ करायची आणि केओटीला वाट मोकळी करायची. स्थिती आधीच बदललेली असेल तर केवळ पोच द्यायची आणि थांबायचे. अशा अ‍ॅपमधली सर्वांत मोलाची ओळ ही आहे, आणि घाईत बांधलेल्या अ‍ॅपमध्ये नेमकी हीच विसरली जाते.

पैसे ८.४१ ला पक्के झाले, पण ग्राहक येणार ९ वाजता. सँडविचला १० मिनिटे आणि कोल्ड कॉफीला ३ मिनिटे लागत असतील, तर दोन्ही लगेच करायला घेणे म्हणजे ग्राहकाला गार सँडविच आणि पाणी सुटलेली कॉफी देणे. म्हणून चांगली यंत्रणा वेळ उलटी मोजते. हाताशी थोडी सवड धरून सँडविच ८.४८ ला ग्रिलच्या पडद्यावर येते, कॉफी ८.५५ ला बारच्या पडद्यावर. काउंटरसमोर रांग वाढलेली असेल तर या वेळा आणखी अलीकडे सरकवाव्या लागतात. ऑर्डर रद्द करण्याची मुदतही याच क्षणाला बांधलेली असते: ८.४८ पर्यंत ‘रद्द करा’ हे बटण चालते, ब्रेड ग्रिलवर गेला की बंद होते.

रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे कसे परततात, हे ते कसे घेतले यावर ठरते. कार्डाच्या व्यवहारात रक्कम आधी फक्त अडवून ठेवता येते आणि नंतर प्रत्यक्ष वसूल करता येते. वसुलीपूर्वी ऑर्डर रद्द झाली तर अडवणूक सोडून दिली की काम भागते. नेहमीच्या यूपीआय पेमेंटमध्ये पिन टाकताच रक्कम खात्यातून वजा होते, त्यामुळे परतावा हा उलट दिशेचा स्वतंत्र व्यवहार ठरतो. अमेरिकेत स्टारबक्सने २०१४ मध्ये पोर्टलंड भागात अशी सोय सुरू केली तेव्हा ग्राहकांकडे कंपनीचेच आगाऊ पैसे भरलेले कार्ड होते. पैसे आधीच घरात असल्यावर बँकांच्या उत्तराची वाट पाहण्याचा प्रश्नच बराचसा उरत नाही.

यूपीआयमध्ये मात्र तो उरतो. यश आणि अपयश यांच्यामध्ये तिसरी स्थिती असते: प्रलंबित. ग्राहकाच्या बँकेने ३३६ रुपये वजा केले, पण तिचे उत्तर वाटेत हरवले किंवा पुढची बँक वेळेत बोलली नाही, की असे होते. ग्राहकाला पैसे गेल्याचा एसएमएस येतो आणि कॅफेचे अ‍ॅप फिरत राहते. या काळात सर्व्हरने केओटी काढायची नसते आणि ऑर्डर रद्दही करायची नसते. गेटवेला ठरावीक अंतराने स्थिती विचारत राहायचे असते. त्यालाही मर्यादा हवी. समजा ती १० मिनिटांची आहे. ८.५१ ला ऑर्डर बंद झाली, ग्राहकाने ८.५२ ला दुसऱ्या बँकेतून पुन्हा पैसे भरले आणि तीच ऑर्डर सुरू झाली. ८.५८ ला पहिल्या व्यवहाराचे यश अचानक येऊन धडकले. ऑर्डर क्रमांक एक आणि त्याखाली पेमेंटचे प्रयत्न अनेक, अशी नोंद असेल तर सर्व्हरला लगेच कळते की ही ऑर्डर आधीच सुटलेली आहे. तो उशिराचे ३३६ रुपये आपणहून परत पाठवतो. नोंद तशी नसेल तर कॉफी दोनदा बनते, नाहीतर पैसे अडकून बसतात.

अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे खात्रीचा निरोप पोहोचला नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम निरोप न पोहोचल्याच्या बाबतीतला आहे. निरोप पोहोचला आणि नंतर कॅफेने ऑर्डर रद्द केली, तर तो कॅफेने द्यायचा परतावा असतो आणि त्याची विचारणा बँकेपेक्षा कॅफेकडे करावी लागते. दोन्ही प्रसंगी यूपीआय अ‍ॅपमध्ये दिसणारा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी असला की शोध पटकन लागतो.

पैसे पक्के झाले तरी केओटी पोहोचलीच असे नाही. कॅफेतला टॅब्लेट बंद पडलेला असतो, प्रिंटरचा कागद संपलेला असतो. म्हणून काउंटरवरच्या माणसाने किंवा यंत्राने ऑर्डर स्वीकारल्याची पोच देणे आवश्यक ठेवतात. ती ठरल्या वेळात आली नाही तर दुकानाला फोन जातो किंवा ऑर्डर रद्द होऊन परतावा निघतो. ग्राहकाच्या पडद्यावर ‘पैसे मिळाले’ आणि ‘तयार होत आहे’ ही दोन वेगळी वाक्ये दिसत असतील, तर ही पोच घेतली जाते असे समजायला हरकत नाही.

शेवटची सुटका काउंटरवर. कपावर आणि पाकिटावर ऑर्डर क्रमांकाची चिकटपट्टी असते. ग्राहक अ‍ॅपमधला चार आकडी कोड सांगतो किंवा क्यूआर दाखवतो, काउंटरवरचा माणूस तो आपल्या पडद्यावर टाकतो आणि ऑर्डर ‘दिली’ अशी बंद होते. पेमेंटचा स्क्रीनशॉट पाहून वस्तू देऊ नये, कारण तो बनवता येतो आणि एकच स्क्रीनशॉट दोघांना दाखवता येतो. कोड मात्र एकदा वापरला की संपतो.

रात्री दुकान बंद झाल्यावर ऑर्डरींची यादी गेटवेच्या जमा-यादीशी ताडून पाहतात. पैसे आले पण ऑर्डर सुटली नाही, ऑर्डर सुटली पण पैसे दिसत नाहीत, आणि परतावा नोंदवला पण निघाला नाही, अशा तीन प्रकारच्या नोंदी त्यातून वर येतात. पहिल्या प्रकारात ग्राहकाने तक्रार करण्याआधीच रक्कम परत करता येते. दुसरा प्रकार वारंवार दिसू लागला, तर सर्व्हर वेबहूकची सही तपासत नाही किंवा फोनवरच्या निरोपावर केओटी काढतो, असा संशय घ्यायचा. तिसऱ्यात गेटवेकडे परतावा पुन्हा नोंदवण्याआधी जुन्या परताव्याची स्थिती विचारायची, म्हणजे तेच ३३६ रुपये दोनदा जात नाहीत.