फोटो हलला, की फोकस चुकला?

गेल्या डिसेंबरात मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनाला मी दोनशेवर फोटो काढले. रात्री ते संगणकावर उघडून पाहिले, तर शंभर मीटर शर्यतीचे जवळजवळ सगळेच वाया गेले होते. लिंबू-चमच्याचे बरे आले होते, बक्षीस समारंभाचे तर छानच. जे सगळ्यात वेगाने घडलं, तेच नेमकं हातून निसटलं होतं.

ते फोटो पुसण्याआधी एकेक मोठा करून पाहिला, तेव्हा लक्षात आलं की सगळे एकाच कारणाने बिघडलेले नाहीत. काहींत मैदानावरची फक्कीची रेघ स्वच्छ होती, पण धावणाऱ्या मुलीचे हातपाय पाण्यात विरघळल्यासारखे पसरले होते. काहींत मुलगी डोक्यापासून पायापर्यंत सारखीच धूसर होती आणि मागची जमीन मात्र गवताची पाती मोजावीत इतकी ठळक. उरलेल्यांत सगळं लख्ख होतं, पण एका फोटोत फीत अजून हातभर पुढे आणि लगेच पुढच्या फोटोत ती खाली पडलेली. पहिला दोष शटरचा, दुसरा फोकसचा, तिसरा वेळेचा. कॅमेऱ्यात या तिन्हींची बटणं वेगळी आहेत. एकाचा दोष दुसऱ्याच्या बटणाने जात नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच.

आधी शटर. सातवीतली मुलगी शंभर मीटर सोळा-सतरा सेकंदांत पार करते, म्हणजे सेकंदाला साधारण सहा मीटर. शटर १/१२५ सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ती जवळजवळ पाच सेंटिमीटर पुढे गेलेली असते. उभ्या फोटोत ती डोक्यापासून पायापर्यंत मावते असं धरलं आणि तो नेहमीच्या सहा बाय चार इंचाच्या आकारात छापला, तर मैदानावरचं अंतर सुमारे बारापट लहान होतं. म्हणजे कागदावर चार मिलिमीटरचा फराटा. तो कुणालाही दिसतो. शटर स्पीड १/१००० केला की फराटा अर्ध्या मिलिमीटरवर येतो आणि डोळा त्याकडे दुर्लक्ष करतो.

हा हिशेब मात्र धडाचा झाला. धावताना जमिनीवरून उचललेला पाय पुढे येतो तेव्हा तो धडाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येत असतो. म्हणून १/१००० ला चेहरा रेखीव येतो आणि बूट किंचित पुसट. बूटही रेखीव हवा असेल तर १/२००० कडे जावं लागतं. दिशेचाही फरक पडतो. आपल्या डोळ्यांसमोरून आडवी जाणारी मुलगी फोटोत सगळ्यात जास्त सरकते. समोरून आपल्याकडे येणारी मुलगी तितकी सरकत नाही, थोडी मोठी होत जाते, इतकंच. तिला १/८०० सुद्धा बऱ्याचदा पुरतो. पोत्याच्या शर्यतीतला मुलगा उडीच्या शिखरावर क्षणभर थांबल्यासारखा असतो. तो क्षण साधला तर १/५०० वरही काम भागतं.

एवढा वेगवान शटर ठेवायचा तर उजेड पुरेल का, ही पुढची शंका. छायाचित्रकारांचा एक जुना अंदाज इथे उपयोगी पडतो. लख्ख उन्हात एफ/१६ छिद्र आणि आयएसओ १०० असेल, तर शटर साधारण १/१०० लागतो. घरोघरी असलेल्या ५५-२०० सारख्या झूम लेन्सचं छिद्र पूर्ण ताणल्यावर एफ/५.६ इतकं उघडतं. एफ/१६ पासून तिथपर्यंत तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. म्हणजे शटर १/८०० पर्यंत नेता येतो. आयएसओ २०० केला की १/१६००. सकाळच्या साडेआठच्या तिरप्या उन्हाला आणखी एक पायरी जोडा, आयएसओ ४०० होईल. यात कुठेही ओढाताण नाही.

म्हणून सोपी मांडणी अशी. कॅमेऱ्याची वरची चकती S वर न्यायची (काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर ती खूण Tv असते), शटर १/१६०० ला बांधायचा आणि आयएसओ ऑटोवर सोडायचा. अडचण येते ती कबड्डी मांडवाखाली खेळवली की. तिथे उजेड एकदम घसरतो आणि आयएसओ ३२०० च्या पुढे पळतो. फोटोत रवाळ दाणे दिसू लागतात. घाबरून शटर खाली आणू नका. दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात, पसरलेला हात मात्र परत जागेवर आणता येत नाही.

दुसरा दोष फोकसचा. माझे सगळ्यात जास्त फोटो यानेच खाल्ले होते आणि मी दोष शटरला देत बसलो होतो. बहुतेक कॅमेरे घरी आणल्यावर AF-S किंवा One Shot या पद्धतीवर असतात. त्यात बटण अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर मोजतो, 'टिक' असा आवाज करतो आणि ते अंतर धरून बसतो. वाढदिवसाचा केक कापताना हे उत्तम. पण समजा, मुलगी पंधरा मीटरवर आहे, लेन्स २०० मिलिमीटरवर आणि छिद्र एफ/५.६. मध्यम आकाराच्या सेन्सरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात अशा वेळी जेमतेम सव्वा मीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो. सेकंदाला सहा मीटर धावणारी मुलगी तो पट्टा एक पंचमांश सेकंदात ओलांडते. 'टिक' ऐकून आपण बटण पूर्ण दाबेपर्यंत ती पट्ट्याबाहेर पुढे आलेली असते आणि कॅमेऱ्याच्या लेखी अजून मागेच असते. म्हणून मागचं गवत ठळक आणि मुलगी धूसर.

यावर उपाय म्हणजे सतत चालू राहणारा फोकस. निकॉन, सोनी, फुजी यांच्या पडद्यावर त्याला AF-C म्हणतात. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत AI Servo, तर बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत Servo AF. बटण अर्धं दाबून ठेवलं, तोवर कॅमेरा पुन्हापुन्हा अंतर मोजत राहतो. धावणारी व्यक्ती कोणत्या गतीने जवळ येते आहे हे त्यावरून ताडून, शटर उघडेल त्या घडीला ती कुठे असेल तिथे तो लेन्स आधीच नेऊन ठेवतो. एक पथ्य मात्र हवं. हा अंदाज बांधायला त्याला आधीची काही मापं लागतात. मुलगी फितीजवळ पोचल्यावर बटण दाबलं तर ती मापं मिळत नाहीत. साठ-सत्तर मीटरच्या खुणेपासूनच तिला चौकटीत धरून अर्धं बटण दाबून ठेवायला हवं.

कॅमेऱ्याने चौकटीत कुठे पाहायचं, तेही सांगावं लागतं. सगळी चौकट त्याच्यावर सोपवली, तर शेजारच्या पट्टीतली मुलगी किंवा दोरीपलीकडून मधेच डोकावणारे काका त्याला जास्त जवळचे वाटतात. एकच बारीक बिंदू निवडला, तर हात जरा हलला की तो बिंदू खांद्यावरून घसरून मागच्या मांडवावर जातो. मधल्या आकाराचा गट किंवा झोन निवडून तो छातीवर ठेवणं सगळ्यात भरवशाचं. नव्या कॅमेऱ्यात डोळा ओळखणारी सोय असेल तर ती जरूर लावा, पण आठ मुली एका ओळीत येताना ती एकीवरून दुसरीवर उडी मारू शकते.

तिसरा दोष वेळेचा, आणि त्यासाठी बर्स्ट. बटण दाबून धरलं की कॅमेरा एकामागून एक फोटो घेत जातो. जुन्या साध्या कॅमेऱ्यात सेकंदाला पाच, नव्यात दहा-वीसही. पाच ऐकायला पुष्कळ वाटतात. पण दोन फोटोंच्या मधल्या वेळात आपली मुलगी एक मीटर वीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते. छातीला फीत लागण्याचा क्षण त्या फटीत सहज हरवतो. म्हणून बर्स्ट असला तरी तो कधी सुरू करायचा, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

शर्यत सुटल्यापासून बटण दाबून ठेवलं तर वेगळंच संकट येतं. कॅमेरा फोटो आधी आपल्या छोट्या साठ्यात ठेवतो आणि तिथून कार्डावर उतरवतो. साठा भरला की वेग अचानक मंदावतो, आणि नेमकी फीत त्याच वेळी तुटते. रॉ फोटोंनी साठा लवकर भरतो, जेपेगने उशिरा. म्हणून मी यंदा जेपेगवरच ठेवलं आणि मुलगी फितीपासून दहा मीटरवर आली की बटण पूर्ण दाबलं. दोन सेकंदांत दहा फोटो, मग बोट वर. पर्याय असेल तर यांत्रिक शटरच निवडा. अनेक कॅमेऱ्यांतला आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगात आलेले पाय आणि कॅमेरा वळवताना मागचे खांब तिरपे होतात.

यंदा पीटीच्या सरांना विचारून मी फितीच्या पलीकडे पाच-सात मीटरवर, पट्ट्यांच्या बाहेर एका कडेला गुडघ्यावर बसलो. फीत तुटल्यावर मुलींना थांबायला बरीच जागा लागते, त्यांच्या वाटेत बसायचं नाही. पहिल्या हीटचे दहा फोटो घेतले आणि लगेच पडद्यावर मोठे करून पाहिले. मुलगी स्वच्छ होती, पण बूट पुसट. शटर १/१६०० वरून १/२००० केला. दुसऱ्या हीटमध्ये तीन फोटोंत मागचा मांडव ठळक आणि मुली धूसर निघाल्या. मी अर्धं बटण उशिरा दाबलं होतं, ते पुढच्या वेळी लवकर दाबलं. तिसऱ्या हीटला फक्त फितीचा क्षण चुकला. फायनलमध्ये दहांपैकी तीन फोटो असे आले की छाती फितीला टेकलेली, एक पाय हवेत आणि बुटाची नाडीसुद्धा दिसते आहे.

मोबाइल घेऊन उभे असाल तर शटर बहुधा फोनच ठरवतो. त्याला भरपूर उजेड द्या, मांडवाच्या सावलीतून निघून उन्हात या, आडवे न राहता समोरून फोटो घ्या आणि बर्स्ट वापरा. प्रो मोड असेल तर शटर १/१००० वर बांधा.

एवढं करूनही पहिले फोटो बिघडतील. ते तिथल्या तिथे पुसू नका. मोठे करून काय ठळक आणि काय धूसर ते पाहा. जमीन ठळक आणि हातपाय पसरलेले असतील तर शटर वाढवा. मागचं ठळक आणि माणूस सारखाच धूसर असेल तर फोकसची पद्धत आणि बटण दाबण्याची वेळ तपासा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर हललाय तो तुमचा हात. फायनलच्या आधी हीट्स ठेवलेल्या असतात, त्या फोटो काढणाऱ्यालाही तेवढ्याच उपयोगी आहेत.